कच्चा टोमॅटो, शिजवलेला टोमॅटो आणि चमचाभर तेल

*माझं वय ५४, यजमानांचं ५९. वर्षभरापूर्वी माझं कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं निघालं, तेव्हापासून मी फोडण्या जवळपास बंद केल्या. शिजवल्यावर सत्त्व जातं म्हणून टोमॅटो आम्ही कच्चाच खातो. माझी दुपारी टोमॅटो-काकडीची कोशिंबीर असते, बिनफोडणीची, कूट न घालता. प्रोस्टेटसाठी चांगला असं ऐकल्यामुळे यजमान रोज सकाळी रिकाम्या पोटी कच्च्या टोमॅटोचा गाळलेला रस घेतात. आता सूनबाई सांगते की लायकोपिन शिजवलेल्या टोमॅटोतूनच मिळतं आणि त्याला तेल लागतं. मग इतके दिवस केलं ते फुकट गेलं का? कच्चा टोमॅटो बंद करू? की सरळ लायकोपिनच्या गोळ्या आणू? (दुपारच्या जेवणाबरोबर मी कॅल्शियमची गोळी घेते, बाकी औषध नाही.)*
*— एक वाचक, पुणे*

लायकोपिनपुरतं बोलायचं तर सूनबाईंचं बरोबर आहे. पण त्यासाठी कच्चा टोमॅटो बंद करायची गरज नाही आणि फोडण्या पूर्वीसारख्या सुरू करायचीही नाही. बदलायचं आहे ते थोडंच, आणि त्यात पहिला नंबर सकाळच्या रसाचा लागतो.

‘सत्त्व’ हा शब्द आपण सगळं एकाच डब्यात भरल्यासारखा वापरतो, तिथून गोंधळ सुरू होतो. टोमॅटोतलं क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं. लायकोपिन म्हणजे टोमॅटोचा लाल रंग. तो पाण्यात विरघळतच नाही, त्याला तेल-तूप लागतं, आणि साध्या शिजवण्याने तो फारसा मोडत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली टोमॅटो ८८ अंश सेल्सियसला ठेवून दोन्हींची मापं घेतली. अर्ध्या तासात क जीवनसत्त्व सुमारे २९ टक्क्यांनी घटलं. मोजता येणारं लायकोपिन मात्र १५ मिनिटांतच अडीच पटीच्या वर गेलं आणि पुढच्या १५ मिनिटांत जवळपास तिथेच राहिलं. उष्णतेने नवं लायकोपिन तयार झालं असा याचा अर्थ नाही. जे आत अडकून होतं ते मोकळं झालं, म्हणून मापात आलं.

ते अडकतं कुठे, हे एकदा कळलं की स्वयंपाकघरातले निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. पिकलेल्या टोमॅटोच्या पेशीत लायकोपिन रंगकणांच्या आत बारीक स्फटिकांच्या रूपात असतं. त्याचा रेणू लांब आणि सरळ असतो, त्यामुळे हे रेणू मोळीतल्या काठ्यांसारखे एकमेकांना चिकटून बसतात. या मोळीभोवती रंगकणाचं आवरण असतं आणि त्याच्याही बाहेर पेशीची पेक्टिनने घट्ट बांधलेली भिंत. आपण चावतो तेव्हा काही पेशी फुटतात, पण बऱ्याचशा अखंडच पुढे सरकतात, आणि ही भिंत पचवणारे पाचकरस माणसाकडे नाहीत. उष्णतेने पेक्टिन सैल पडतं, फोड मऊ होते, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फुटतात. पळीने घोटलं की उरलेल्याही मोकळ्या होतात.

भिंतीबाहेर आलेलं लायकोपिन आतड्यात पाणीच पाणी असताना शोषलं जाणार कसं? इथे तेलाचं काम सुरू होतं. जेवणात स्निग्ध पदार्थ असला की पित्ताशय आकुंचन पावून पित्त सोडतं. पित्त आणि स्वादुपिंडाचा पाचकरस मिळून त्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करतात. लायकोपिन आधी तेलात उतरतं, मग या थेंबांत बसून आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतं. जेवणात तेल-तूप नसेल तर पित्त फारसं सुटत नाही आणि वाहून नेणारे थेंबही तयार होत नाहीत. लायकोपिन तसंच पुढे जातं आणि बाहेर पडतं.

तेलाचं आणखी एक काम आहे, त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कच्च्या टोमॅटोत ९० टक्क्यांहून जास्त लायकोपिन सरळ रेणूंचं असतं, आणि आपल्या रक्तात सापडतं त्यातलं निम्म्याहून अधिक वाकलेल्या रेणूंचं. वाकलेले रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, तेलात सहज मिसळतात आणि जास्त शोषले जातात. नुसत्या पाण्यात टोमॅटो उकळला तर फार थोडे रेणू वाकतात. तेलात परतला तर जास्त वाकतात. कांदा-लसणातल्या गंधकयुक्त घटकांमुळे हे वाकणं आणखी वाढतं, असं जपानी संशोधकांना आढळलं आहे. कांदा-लसणाची फोडणी करून त्यात टोमॅटो मऊ होईतो परतायची आपली रोजची रीत या कामाला तशी अगदी योग्य निघाली.

आता शिजवणं आणि तेल यांत जास्त महत्त्वाचं काय? हे ठरवायला दोन प्रयोग उपयोगी पडतात. १९९७ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी लोकांना एकदा ताजे टोमॅटो दिले आणि एकदा टोमॅटो पेस्ट. दोन्ही वेळी लायकोपिन तेवढंच, २३ मिलिग्रॅम, आणि दोन्ही वेळी मक्याचं तेल १५ ग्रॅम. म्हणजे फरक फक्त प्रक्रियेचा होता. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या मेदकणांत पेस्टमुळे लायकोपिनची कमाल पातळी अडीच पट आणि एकूण प्रमाण ३.८ पट मिळालं. दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला, २००४ सालचा. त्यात भाज्या कच्च्या आणि त्याच होत्या, चेरी टोमॅटोसकट. बदलत होतं ते वरून घातलेलं तेल: एकदा शून्य, एकदा ६ ग्रॅम, एकदा २८ ग्रॅम. शून्य तेलाच्या सॅलडमधून लायकोपिन जवळजवळ शोषलंच गेलं नाही. ६ ग्रॅमला शोषलं गेलं आणि २८ ग्रॅमला त्याहून अधिक.

म्हणजे कच्चा टोमॅटो तेलाबरोबर खाल्ला तर कमी का होईना, मिळतं. तेलच नसेल तर हाती जवळपास काही लागत नाही. तुमच्या घरात कच्चेपणापेक्षा तेल नसणं जास्त नडलं आहे. २८ ग्रॅमला जास्त मिळतं हे खरं, पण ते सहा चमचे तेल झालं, आणि तुमचा रिपोर्ट पाहता तो सौदा परवडणारा नाही. एका जेवणात माणशी ५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, म्हणजे चहाचा एक चमचा तेल, हे धरून चालायला हरकत नाही. ऑलिव्ह तेलच हवं असं काही नाही. शेंगदाण्याचं, करडईचं, सूर्यफुलाचं, जे घरात असेल ते चालतं.

शिवाय हे तेल टोमॅटोतच असलं पाहिजे असंही नाही, त्याच जेवणात असलं म्हणजे झालं. पोटात सगळं एकत्र होतंच. वरणभातावर एक चमचा तूप घेत असाल तर शेजारच्या कोशिंबिरीचंही काम भागतं. तुम्ही तेही सोडलं असेल, तर कोशिंबिरीत कूट परत आणा. दाण्याच्या वजनाच्या जवळपास निम्मा भाग तेलाचा असतो, त्यामुळे दहा ग्रॅम कूट, म्हणजे मोठा चमचाभर, साधारण पाच ग्रॅम स्निग्धांश देतो. ओलं खोबरं घालायचं तर पंधरा ग्रॅम लागेल. साईसकट दुधाचं दही शंभर ग्रॅम घेतलंत तर त्यातून साडेतीन-चार ग्रॅम येतो. कूट घातलेली कोशिंबीर ही शोषणाच्या दृष्टीने पूर्ण कृती होती, तुम्ही त्यातला नेमका कामाचा भाग काढून टाकलात. कोलेस्टेरॉलची भीती असेल तर दाण्याचं तेल हे बहुतांशी असंतृप्त असतं हे लक्षात घ्या. कूट वाढवाल तेवढं तेल दुसऱ्या भाजीतून कमी करा, म्हणजे दिवसाची बेरीज जिथल्या तिथे राहील. तुमच्या डॉक्टरांनी तेलाचं माप ठरवून दिलं असेल तर त्या मापातच हे बसवायचं.

यजमानांच्या रसात मात्र तिन्ही गोष्टी उलट्या जुळून आल्या आहेत. टोमॅटो कच्चा आहे, पोट रिकामं म्हणून तेल नाही, आणि वर तो गाळलेला आहे. गाळण्यात काय होतं ते एकदा पाहा. न गाळलेला रस काचेच्या पेल्यात तासभर तसाच ठेवा. लाल गर एकीकडे होतो आणि उरलेलं पाणी फिकट पिवळट दिसतं. लाल आहे तेच लायकोपिन, आणि ते गराला चिकटून असतं. गाळणीत उरलेला लाल चोथा तुम्ही ज्या दिवशी टाकता त्या दिवशी लायकोपिनचा मोठा वाटाही त्याच्याबरोबर जातो. सालीत तर ते गरापेक्षा वजनाच्या मानाने कितीतरी जास्त असतं. त्यांना सकाळी आंबटगोड काहीतरी प्यायला आवडत असेल तर खुशाल पिऊ द्या, पाणी आणि थोडं क जीवनसत्त्व मिळेल. त्या रसाकडून लायकोपिनची अपेक्षा मात्र ठेवू नका.

त्याऐवजी आठवड्यातून तीन-चार दिवस जेवणात शिजवलेला टोमॅटो घ्या. लायकोपिन शरीरातल्या मेदात साठतं आणि रक्तातूनही एका दिवसात नाहीसं होत नाही, म्हणून रोजचा नेम नसला तरी चालतं. दोघांसाठीचं एक माप देते. पूर्ण लाल, हाताला किंचित मऊ लागणारे पाच मध्यम टोमॅटो घ्या, साधारण ४०० ग्रॅम. पिकलेल्या टोमॅटोत १०० ग्रॅमला अडीच-तीन मिलिग्रॅम लायकोपिन धरलं तर एकूण दहा-बारा मिलिग्रॅम झालं. साल न काढता बारीक चिरा. दोन चहाचे चमचे तेलात मोहरी, जिरं, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या आणि एक कांदा मऊ होईपर्यंत परता. मग टोमॅटो आणि मीठ घालून मध्यम आचेवर झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांत फोडी ढासळतात आणि सालीच्या कडा वळून सुटायला लागतात. आता पळीने चांगलं घोटा आणि झाकण काढून मंद आचेवर आणखी आठ-दहा मिनिटं ठेवा, मधूनमधून ढवळत. कडेने तेल सुटायला लागलं की थांबायचं. तिखट आणि हळद मुद्दाम शेवटी घालायला सांगते, कारण तोवर सुटलेल्या तेलाचा रंग तुम्हाला नीट बघता येईल. फोडणीत घातलं तेव्हा फिकट असलेलं तेल आता केशरी झालेलं असतं. तो रंग मुख्यतः लायकोपिनचा, आणि तेल केशरी झालं म्हणजे रंग पेशीबाहेर येऊन तेलात उतरला. शिजवलेल्या रश्शाचा प्लास्टिकचा डबा घासूनही केशरी राहतो आणि कच्च्या कोशिंबिरीचा साध्या पाण्याने स्वच्छ निघतो, त्याचं कारणही हेच.

ही चटणी शिजून निम्मी होईल, पण निम्मी झाली म्हणजे लायकोपिन दुप्पट झालं असं नाही. पाणी गेलं म्हणून ते दाट झालं. ‘केचपमध्ये टोमॅटोच्या पाचपट लायकोपिन’ अशी वाक्यं तुमच्याही वाचनात आली असतील. त्यातला बराचसा भाग हा नुसत्या आटवण्याचा हिशेब असतो, शोषणाशी त्याचा संबंध नाही. केचप चमचाभरच खाल्ला जातो आणि त्याबरोबर साखर-मीठ येतं ते वेगळंच. बिनमिठाची टोमॅटो प्युरी किंवा पेस्ट मात्र चांगली सोय आहे.

सार करत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. टोमॅटो उकडल्यावर साल फेकू नका, सालीसकट मिक्सरमधून अगदी बारीक वाटा आणि शक्यतो गाळू नका. गाळायचंच असेल तर मोठ्या भोकांच्या गाळणीतून. फोडणी एक चमचा तुपाची पुरते, कारण सोबत भात-भाजीत तेल-तूप असतंच. नुसतं पाणीदार सार डाएट म्हणून एकटं प्यायलं तर तुमच्या कोशिंबिरीचीच गत होते.

बिघडतं ते साधारण तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे कच्चे किंवा पिवळट टोमॅटो. हिरव्यात लायकोपिन जवळपास नसतंच. उन्हाळ्यात तीस-बत्तीस अंशांच्या वर तापमान गेलं की झाडावरच्या फळात लाल रंग तयार होणं मंदावतं, पिवळा-केशरी रंग मात्र होत राहतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये मंडईतले टोमॅटो पिकलेले असूनही नारिंगी दिसतात. अशा वेळी किलोभर महाग टोमॅटो घेण्यापेक्षा हिवाळ्यात लालबुंद टोमॅटोची प्युरी करून फ्रीझरमध्ये ठेवलेली बरी. अर्धवट पिकलेले टोमॅटो फ्रीजमध्ये टाकले तर तिथे ते लाल होत नाहीत. आधी बाहेर, उन्हापासून दूर ठेवून पिकू द्या.

दुसरं, करपवणं. झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं शिजवण्याला लायकोपिन चांगलं टिकतं, कुकरच्या दोन शिट्ट्यांनाही. पण मोठ्या आचेवर, उघड्या कढईत, पातळ थरात तेलासकट तळत राहिलं तर हवेतला ऑक्सिजन त्याला मोडतो. लाल रंग तपकिरी व्हायला लागला की समजा जात चाललं. तिसरं, भांडं. बिनलेपाच्या लोखंडी किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट टोमॅटो धातू सोडवतो, आणि ते धातू लायकोपिनच्या नाशाला वेग देतात. चवही बिघडते. स्टीलची जाड बुडाची कढई घ्या.

शिजवण्यात जे क जीवनसत्त्व जातं त्याची फार चिंता नको. टोमॅटोत ते १०० ग्रॅमला जेमतेम १४ मिलिग्रॅम असतं आणि पेरूत तेवढ्याच वजनात २०० च्या वर. अर्धा पेरू खाल्लात की तो प्रश्न संपला, आणि कूट घातलेली कोशिंबीर तुम्ही खाताच आहात.

प्रोस्टेटबद्दल थोडं सावधपणे बोलायला हवं. १९९५ साली अमेरिकेत पुरुषांच्या मोठ्या गटाच्या आहाराची पाहणी प्रसिद्ध झाली. टोमॅटो सॉस, टोमॅटो आणि पिझ्झा जास्त खाणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण कमी दिसलं. टोमॅटोच्या रसाशी मात्र असा संबंध दिसला नाही. यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. पण ही पाहणी आहे. सॉस खाणारी माणसं इतरही बाबतींत वेगळी असू शकतात, तेव्हा कारण टोमॅटोच असं त्यावरून सिद्ध होत नाही. २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सगळा पुरावा तपासला आणि लायकोपिनने कर्करोग टळतो असा दावा वेष्टणावर करायला परवानगी नाकारली. टोमॅटो आणि प्रोस्टेटबाबतही पुरावा अगदी मर्यादित आहे, असंच म्हटलं. म्हणून गोळ्यांवर पैसे घालू नका. यजमानांना लघवीला वारंवार जावं लागत असेल, धार बारीक झाली असेल किंवा रात्री उठावं लागत असेल तर तपासणी करून घ्या. ५९ व्या वर्षी ती टोमॅटोच्या भरवशावर पुढे ढकलण्यासारखी गोष्ट नाही. आटवलेल्या टोमॅटोने छातीत जळजळ होत असेल तर प्रमाण कमी करा. घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार असून पोटॅशियम सांभाळायला सांगितलं असेल तर प्युरी-पेस्ट डॉक्टरांना विचारूनच, कारण आटवताना पोटॅशियमही दाट होतं.

कंसात लिहिलेली कॅल्शियमची गोळी मात्र या सगळ्यात कामाची निघाली. फ्रान्समधल्या एका प्रयोगात टोमॅटो पेस्ट असलेल्या जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं तेव्हा लायकोपिनचं शोषण ८३ टक्क्यांनी घटलं. आतड्यात कॅल्शियम पित्तक्षार आणि मेदाम्लांना बांधून ठेवतं आणि तेलाचे ते सूक्ष्म थेंब कमी पडतात. प्रयोग लहान होता, पण कारण पटण्यासारखं आहे. तुमची गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यायची असते. तेव्हा टोमॅटोची चटणी रात्री घ्या आणि गोळी दुपारीच राहू द्या. सायट्रेटची असेल तर ती जेवणाशिवायही चालते. पाकिटावर बघा, आणि वेळ बदलण्याआधी ज्यांनी ती लिहून दिली त्यांना फोन करा.